दारू, उपाशी पोट आणि पहाटे उतरणारी साखर: सीमाभागातल्या घरांतून येणारे प्रश्न

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यातल्या मधुमेही पेशंटांच्या घरची माणसं दवाखान्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रसंग असतो. रात्री दारू झाली, जेवण राहिलं आणि सकाळी माणूस उठेना. घरच्यांना वाटतं अजून उतरली नाही, पण खरं तर रक्तातली साखर उतरलेली असते.

दारूमुळे साखर वाढायला पाहिजे ना? उतरते कशी?

आपण जेवतो तेव्हा साखर अन्नातून येते. जेवण नसतं तेव्हा, म्हणजे रात्रभर किंवा उपासाच्या दिवशी, ती लिव्हर पुरवतं. लिव्हर हे काम दोन प्रकारे करतं. एक म्हणजे साठवून ठेवलेली साखर थोडी थोडी सोडतं. लिव्हरमधला हा साठा कणगीतल्या जोंधळ्यासारखा आहे, भरलेला असेल तर रात्र निघते. चांगलं जेवलेल्या माणसात तो साधारण 80 ते 100 ग्रॅम असतो आणि एकट्या मेंदूलाच तासाला सुमारे 5 ग्रॅम साखर लागते. साठा कमी पडायला लागला की लिव्हर दुसरा मार्ग धरतं आणि शरीरातल्या इतर द्रव्यांपासून नवी साखर तयार करतं.

दारू हा दुसरा मार्ग बंद करते. दारू शरीराला साठवता येत नाही, म्हणून लिव्हर इतर कामं मागे टाकून आधी तिचा निकाल लावायला घेतं. त्यात नवी साखर बनवायला लागणारा रासायनिक कच्चा माल दुसरीकडे वळतो. साठवलेली साखर सोडण्याचं काम मात्र चालू राहतं. त्यामुळे पोटभर जेवून प्यायलेल्या माणसाचं सहसा निभावतं. जो उपाशी आहे, ज्याचा साठा दिवसभराच्या कामातच संपलाय, त्याच्याकडे दोन्ही वाटा उरत नाहीत.

मग पिणाऱ्या सगळ्यांचीच साखर उतरत नाही, असं का?

मधुमेह नसलेला धडधाकट माणूस एखाद्या रात्री जेवण टाळून प्यायला, तर त्याचं शरीर स्वतःचं इन्सुलिन कमी करून घेतं आणि साखर टिकवतं. मधुमेहाची काही औषधं हा बचावच काढून घेतात. बाहेरून टोचलेलं इन्सुलिन साखर कितीही खाली गेली तरी काम करत राहतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि त्याही थांबत नाहीत. एकीकडे लिव्हरकडून नवी साखर येत नाही आणि दुसरीकडे औषध आहे ती साखर खाली ओढतंय, अशी गाठ पडली की धोका होतो.

नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर अशी सहसा कोसळत नाही. पण मेटफॉर्मिनवर भरपूर दारू प्यायली तर रक्तात लॅक्टिक ॲसिड साठू शकतं, आणि तेही जिवावरचंच दुखणं आहे.

अडचण अशी की या भागात बहुतेकांना आपल्या गोळीचं नावच माहीत नसतं. मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवून आणलेली ‘साखरेची गोळी’ एवढंच सांगतात. ती एकच गोळी दिसली तरी आत बऱ्याचदा ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही असतात, कधी तिसरं व्होग्लिबोजही असतं. आज स्ट्रिप काढा, मेडिकलवाल्याला मागची बारीक अक्षरं वाचायला सांगा आणि यात ग्लिमेपिराइडच्या जातीचं काही आहे का, एवढं विचारून घ्या. पुढची सगळी उत्तरं त्यावर ठरतात.

प्रत्यक्षात हे घडतं कसं? एखादी रात्र सांगाल का?

पुढचा पेशंट कुणी एक माणूस नाही. नेहमी दिसणाऱ्या गोष्टी जोडून नमुना केलाय.

चिकोडीकडचे 58 वर्षांचे मामा. ऊस आहे, मधुमेह जुना आहे आणि किडनी थोडी कमजोर झाली आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. त्या दिवशी उसाला तोड आली होती. सकाळी अकराला दोन भाकरी खाल्ल्या, दुपारी उभ्या उभ्या चहा झाला, संध्याकाळपर्यंत ट्रॉली भरण्याच्या धावपळीत होते. साडेसातला मामींनी आठवण केली म्हणून गोळी घेतली. आठला मित्रांबरोबर बारमध्ये बसले. एक क्वार्टर, सोबत शेंगदाणे आणि दोन तुकडे तळलेले मासे. साडेदहाला घरी आले, ‘भूक नाही’ म्हणाले आणि झोपले.

आता हिशोब बघा. 180 मिलीच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निपटवतं. म्हणजे ही क्वार्टर पूर्ण जायला पहाटेचे तीन ते पाच वाजणार, आणि तोवर नवी साखर बनणं दबलेलं राहणार. साठा दिवसभराच्या कामात बराचसा गेलाय. रात्रीचं जेवण नसल्याने तो पुन्हा भरला नाही. गोळी मात्र पोटात गेली आहे आणि तिचा असर चोवीस तासांचा. किडनी कमजोर असल्यामुळे तो आणखी लांबतो.

रात्री दोनच्या सुमारास मामा उठून बसले, काहीतरी असंबद्ध बोलले आणि चिडले. मामींना वाटलं, जास्त झाली आहे. पहाटे साडेपाचला हाक मारली तर उत्तर नाही. बनियन पिळून काढावं इतकं ओलं झालेलं, हात गार, तोंडाला वास. शेजारच्या पोराने त्याच्या आजीचं शुगर मशीन आणलं. आकडा आला 34.

या गोष्टीतलं वाचवता येण्यासारखं ठिकाण रात्री दोनचं होतं. तेव्हा मामा बोलत होते, गिळू शकत होते. तेव्हाच बोटाला सुई टोचून बघितली असती तर ग्लुकोजचं पाणी आणि एका भाकरीवर भागलं असतं.

दारू चढली आहे की साखर उतरली आहे, कसं ओळखायचं?

बघून खात्रीने ओळखता येत नाही, आणि हे मी मुद्दाम आधी सांगतो. जीभ जड होणं, तोल जाणं, चिडचिड, भलतंच बोलणं, गुंगी ही सगळी लक्षणं दोन्हीकडे सारखी आहेत. साखर उतरलेल्याला बऱ्याचदा गार घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, तो पांढराफटक दिसतो. नुसती चढलेल्याचं अंग सहसा उबदार आणि तोंड लालसर असतं. पण दारूमुळे शरीराचे हे इशारेच बोथट होतात आणि स्वतः पेशंटला काही होतंय हे कळत नाही. ब्लड प्रेशरसाठी मेटोप्रोलोलसारख्या गोळ्या चालू असतील तर थरथर आणि धडधड दिसतही नाही, घाम तेवढा येतो.

म्हणून नियम एकच ठेवा. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळी चालू असलेला माणूस प्यायलाय आणि विचित्र वागतोय, तर मशीन लावा. 70 च्या खाली म्हणजे साखर उतरली, 54 च्या खाली म्हणजे गंभीर. घरात मशीन नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर साखर उतरली असंच धरून ग्लुकोज द्या. अंदाज चुकला तर साखर थोडी वाढेल, तेवढ्याने काही बिघडत नाही. उलटी चूक मात्र मेंदूवर जाते.

बोट टोचण्याआधी ते पाण्याने धुऊन कोरडं करा. बोटाला गूळ किंवा सरबत लागलेलं असेल तर आकडा खोटा मोठा येतो.

शुद्धीवर असेल तर नक्की काय आणि किती द्यायचं?

15 ग्रॅम ग्लुकोज. मेडिकलमधली ग्लुकोज पावडर तीन भरगच्च चहाचे चमचे, अर्धा ग्लास पाण्यात. ती नसेल तर घरातली साखर तीन-चार चहाचे चमचे पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून 70 च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आल्यावर भाकरी, चपाती किंवा भात खायला घाला, कारण ग्लुकोजचा असर तासाभरात ओसरतो आणि दारू व गोळी अजून आतच असतात.

गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर, गूळ, पेढा, कुंदा यांचा उपयोग वेळेवर होत नाही. ती औषधं साखर फोडण्याचं काम आतड्यात मंद करतात. अशा घरात ग्लुकोजची पावडरच पाहिजे.

चॉकलेट, आइस्क्रीम, मलईचं दूध देऊ नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ?

बिनसाखरेच्या लिंबूपाण्याने किंवा कॉफीने साखर वाढत नाही. अंघोळ घालताना अर्धवट शुद्धीतला माणूस पडतो. यात वेळ घालवू नका.

बेशुद्ध असेल तर तोंडात साखर घालू का?

नाही. पाणी, साखर, मध, काहीही तोंडात ओतू नका. गिळता न येणाऱ्या माणसाच्या ते फुप्फुसात जातं. प्यायलेल्याला उलटी होण्याची शक्यता असतेच, म्हणून त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड थोडं खाली ठेवा आणि 108 ला फोन लावा. श्वास चालू आहे ना, हे बघत राहा.

फोनवर पलीकडून कन्नडमध्ये विचारतील आणि त्या घाईत शब्द सुचत नाहीत. ‘शुगर कम्मी आगिदे, प्रज्ञे इल्ला’ एवढं म्हटलं तरी कळतं. साखर कमी झालीय, शुद्ध नाही. मग गाव आणि जवळची खूण सांगा.

ॲम्ब्युलन्सवाल्याला आणि डॉक्टरला दोन गोष्टी न लाजता सांगायच्या: मधुमेहाची गोळी कोणती आणि दारू किती वाजता, किती. पुष्कळ घरांत दारूचं लपवतात, मधुमेहाचं सांगतात. काही घरांत उलट होतं. दोन्ही एकत्र कळलं तर डॉक्टर योग्य दिशेने जातो. गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्या, कारण कागद मिरजेचे आणि दवाखाना बेळगावचा असं इथे नेहमी होतं.

मशीनवर आकडा बरोबर आला आणि माणूस तरीही उठत नसेल, तरी 108 च. डोक्याला मार, जास्त दारूचं विष किंवा हातभट्टीतलं मिथेनॉल, काहीही असू शकतं.

ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरी ठेवावं का?

साखर उतरल्यावर ते एरवी उपयोगी पडतं. पण ते लिव्हरला साठा सोडायला लावतं, आणि इथे साठाच संपलेला असतो. त्यामुळे दारूवरच्या या प्रकारात त्याचा भरवसा कमी. शिरेतून दिलेलं ग्लुकोज हाच खरा इलाज.

बिअर प्यायल्यावर रात्री शुगर 240 आली. इन्सुलिन दोन युनिट वाढवून घेऊ का?

घेऊ नका. बिअरमध्ये, कोल्ड्रिंक मिसळलेल्या दारूत आणि गोड वाईनमध्ये साखर किंवा पिष्ट असतं, म्हणून आकडा सुरुवातीला चढतो. तो काही तासांत उतरणारच आहे, आणि त्यानंतर दारूचा असर पहाटेपर्यंत चालतो. रात्री अकराच्या 240 वर जादा इन्सुलिन घेतलेला माणूस पहाटे चारला 45 वर सापडतो. स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत सुमारे 40 ग्रॅम अल्कोहोल असतं, ‘बिअरच आहे’ म्हणण्यासारखं ते नाही.

रोजचं ठरलेलं रात्रीचं लांब असराचं इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांनी ते सोडलं तर वेगळीच आपत्ती ओढवते.

चाखणा भरपूर खाल्ला, मग जेवण झालंच ना?

चाखण्यात काय होतं ते बघा. शेंगदाणे, अंडं, तळलेलं चिकन, मासे. यांत प्रथिनं आणि तेल आहे, पिष्ट नगण्य. मूठभर शेंगदाण्यात जेमतेम चार-पाच ग्रॅम पिष्ट भरतं. पोट भरल्यासारखं वाटतं, भूक मरते आणि ‘जेवण नको’ होतं. लिव्हरचा साठा मात्र भरत नाही. साठा भाकरी, चपाती, भात, डाळ-भात यांनी भरतो. प्यायचंच असेल तर आधी भाकरी-भाजीचं जेवण, मग ग्लास. घरी येऊन जेवू म्हटलं की बहुतेक वेळा राहतंच.

झोपताना एकदा साखर मोजा. 100 च्या खाली असेल तर अर्धी भाकरी आणि दूध घेतल्याशिवाय झोपू नका. घरच्यांनी पहाटे तीनला एकदा हाक मारून बघावं. उत्तर नीट आलं नाही तर मशीन लावावं.

त्या दिवशी गोळीच चुकवली तर?

सकाळी घेतलेली ग्लिमेपिराइड रात्री चुकवल्याने निघून जात नाही, ती आत असतेच. पण रात्री जेवणार नाही हे नक्की असेल, तर त्या जेवणाआधीची ग्लिमेपिराइड किंवा त्या जेवणाचं इन्सुलिन घेऊ नये. जेवणाशी जोडलेलं औषध जेवणाशिवाय घ्यायचं नसतं, दारू असो वा नसो. आठवड्यातून ठरावीक दिवशी बसणं होत असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. साखर न उतरवणारी दुसरी औषधं आहेत आणि ती बदलून देता येतात. मला विचाराल तर पेशंटने लपवलेली क्वार्टर मला सांगितलेल्या क्वार्टरपेक्षा जास्त घाबरवते.

मधुमेह आहे, पण किती चालेल?

ज्याची साखर एकदा तरी अशी उतरली आहे, ज्याची किडनी किंवा लिव्हर बिघडलं आहे, ज्याला साखर उतरताना कळत नाही, त्याने अजिबात नको. बाकीच्यांसाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची मर्यादा बायकांना दिवसाला एक आणि पुरुषांना दोन पेग अशी आहे. त्यांचा एक पेग म्हणजे 14 ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्कीत मोजलं तर पुरुषांची मर्यादा नव्वदीच्याही थोडी आत संपते. क्वार्टर म्हणजे त्यांचे चारहून जास्त पेग. हातभट्टीत किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, तिथे मोजमाप लागूच पडत नाही.

मला मधुमेह नाही. उपाशीपोटी प्यायलो तर भीती आहे का?

एका चुकलेल्या जेवणाने सहसा नाही. दोन-तीन दिवस धड जेवण नाही आणि दारू चालूच आहे, तिथे आहे. सलग पिणाऱ्याचं पोट बिघडतं, उलट्या होतात, तो खाणं सोडतो आणि पीत राहतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो गार पडलेला सापडतो. दिवसभर ऊस तोडून, चहा-बिस्किटावर काढून रात्री नुसती दारू पिणाऱ्या मजुराचा साठाही लवकर संपतो, आणि दमलेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात. कडक उपास करून संध्याकाळी तो दारूने सोडणाऱ्यांचंही तसंच. अशा माणसाला दवाखान्यात ग्लुकोजबरोबर थायमिन, म्हणजे बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शनही देतात, कारण जुन्या पिणाऱ्यात ते संपलेलं असतं आणि त्याच्याशिवाय मेंदूला इजा होऊ शकते.

थंडीत बाळाला चमचाभर ब्रँडी देतात, ते चालतं का?

अजिबात नाही. लहान मुलाचा साखरेचा साठा फार तुटपुंजा आणि मेंदूची गरज मात्र मोठी. थोड्याशा दारूनेही त्याची साखर उतरून झटके येऊ शकतात. ग्लासात उरलेली दारू किंवा हँड सॅनिटायझर प्यायलेल्या मुलालाही हाच धोका आहे. मूल खेळतंय, बरं दिसतंय म्हणून थांबू नका. लगेच सरकारी दवाखान्यात न्या आणि काय प्यायलं ते सांगा.

सलाईन लावल्यावर शुद्ध आली. घरी घेऊन जाऊ का?

वरच्या नमुन्यातले मामा पंचवीस टक्के ग्लुकोज शिरेतून गेल्यावर काही मिनिटांत डोळे उघडून ‘मी इथे कसा’ विचारू लागतात. घरच्यांना वाटतं झालं, आता गाडी काढू. पण त्याच दिवशी अकराला पुन्हा मोजलं तर साखर 58. ग्लुकोज काही तासांत वापरलं जातं, ग्लिमेपिराइड मात्र अजून स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत असते. म्हणून या गोळीवर साखर उतरलेल्याला निदान चोवीस तास, किडनी कमजोर असेल तर त्याहून जास्त, सलाईनखाली ठेवून तासा-दोन तासाला मोजावं लागतं. रात्री कुणीतरी जागं राहावं. पुढची गोळी कधी आणि किती, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. बऱ्याचदा डोस कमी होतो किंवा गोळी बदलते, आणि घरी गेल्यावर जुन्या डब्यातली जुनी स्ट्रिप तशीच चालू राहते. ती डब्यातून काढून टाका.